सातला सात

पोपटचं सलून आठला उघडायचं, पण रविवारी तो सातलाच दुकानात हजर असायचा. शटर अर्धं वर, स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐसपैस, आणि फोन आरशापुढे पावडरच्या डब्याला टेकवलेला. फोनवर पलीकडे लंबू. शाळेत एकाची जीभ थांबायची नाही आणि दुसऱ्याची हलायची नाही, म्हणून मास्तरांनी दोघांना मुद्दाम एका बाकावर बसवलं होतं. पुढे पोटासाठी दोघंही भारताच्या अडीच तास पुढे असलेल्या या शहरात आले. लंबू यंदाच्या उन्हाळ्यात आणखी दूरच्या देशात गेला आणि तिथे शहरातली बस चालवू लागला.

तिथलं घड्याळ बरोबर बारा तास मागे, त्यामुळे काटे दोन्हीकडे सारखेच. इथे रविवार सकाळचे सात, तेव्हा तिथे शनिवार संध्याकाळचे सात. लंबू साडेसहाला ड्युटी संपवायचा, डेपोतल्या कपाटातून फोन काढून न बघताच खिशात टाकायचा आणि सातला घरी पोचायचा. सुरुवातीला एकदा त्याने "रविवारी करतो" म्हणून स्वतःच्या रविवारी फोन केला, तेव्हा पोपटच्या घरी सोमवार उजाडला होता आणि तो तोंडात ब्रश धरून धावला होता. त्या दिवसापासून वार पोपटचा धरायचा असं ठरलं. वेळेचं काही ठरवावंच लागलं नाही. सातला सात!

मग पोपटचा घसा बसला, तो बसलाच. तपासण्या झाल्या, गाठ वाईट निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, हा आवाज मात्र परत येणार नाही.

"माझा अर्धा धंदा जिभेवर चालतो गं," तो बायकोला म्हणाला.

"उरलेला अर्धा हातावर चालेल," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

ऑपरेशन सोमवारी होतं. आदल्या रविवारी सातला दोघं बोलले ते बसच्या ब्रेकबद्दल आणि गिऱ्हाइकांच्या टकलांबद्दल. मुद्द्याला कोणी हात घालेना. शेवटी पोपट घोगऱ्या आवाजात म्हणाला, "महत्त्वाचं उद्या बोलतो. माझ्या सोमवारी, सातला. साडेसातला आत नेणार आहेत, उशीर करू नकोस."

"म्हणजे माझा रविवार, संध्याकाळी सात," लंबू म्हणाला. "ड्युटी आहे, पण साडेसहाला सुटतो. सातला सात."

सोमवारी पोपट दवाखान्याच्या खाटेवर हिरवा झगा घालून बसला होता. सात वाजले. फोन आला नाही. त्याने लावला, नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सात वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा त्याचा पारा चढला.

"निरोप बोलून ठेवा ना फोनात," बायको म्हणाली. "ते ऐकतील नंतर."

पोपटला बोलून ठेवणं मुळीच आवडायचं नाही. समोर 'हं' म्हणणारं कुणी नसेल तर बोलायचं कशाला? पण त्याने बटण दाबलं. आधी लंबूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग बाकावर कोरलेल्या नावांची आठवण काढली. गणिताच्या पेपरात लंबूने उत्तरपत्रिका कशी तिरकी धरली होती, ते सांगितलं. मग म्हणाला, "लंब्या, मला भीती वाटतेय. मरायची नाही रे. गप्प बसायची." नर्सबाई चाक लावलेली खाट घेऊन आली, तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

आठ वाजता बायकोच्या हातातला फोन वाजला.

"पोपट कुठाय?" लंबू म्हणाला.

"आत नेलं. तुम्ही सातला का नाही केलात, भावजी?"

"सातच वाजलेत, वहिनी!" तो म्हणाला आणि त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

त्याच्या त्या रविवारी पहाटे, तिकडच्या दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे, हिवाळ्यासाठी सगळी घड्याळं एक तास मागे केली होती. अंतर तेरा तासांचं झालं होतं. पोपटच्या सातला लंबूकडे सहा वाजले होते आणि तो बस चालवत होता. सकाळी भिंतीवरचं घड्याळ त्याने स्वतःच्या हाताने फिरवलं होतं, वर एक तास जास्त झोप मिळाली म्हणून खूश झाला होता. वहिनीला हे सांगताना तो फोनवरच रडला.

महिन्याभराने, रविवारी पोपटच्या आठला, फोन आला. पोपट पुन्हा खुर्चीत होता, गळ्याला पट्टी, मांडीवर वही, शेजारी बायको. लंबूने ती पट्टी बघितली. मग त्याने दुसऱ्या फोनवर काहीतरी लावलं, आणि सलूनमध्ये पोपटचा आवाज घुमला, "सात म्हणजे सात, लंबूटांग्या! शाळेतही घंटा झाल्यावरच उगवायचास!"

बायकोने तोंडाला पदर लावला. पोपट आरशात स्वतःच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत अकरा मिनिटं ऐकत राहिला.

"रोज डेपोत जाताना शिव्या खातो तुझ्या," लंबू म्हणाला. "मला माफ कर."

पोपटने वहीत लिहिलं आणि पान बायकोपुढे धरलं. तिने वाचून दाखवलं, "उचलला नाहीस ते बरं केलंस. उचलला असतास तर हे उरलं नसतं."