स्वागताची तीन मिनिटं

संगमनेरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या स्टेला साळवे मॅडमना थोडक्यात बोलायची सवय घरातूनच लागली होती. वडील शांतवन गुरुजी रविवारी उपासना संपली की देवळात, म्हणजे चर्चमध्ये, निवेदनं वाचायचे. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, सभा कुठे आणि किती वाजता, एवढंच. सगळे ऐकायचे आणि घरी जाऊन सांगायचेही.

यंदा दूध व्यवसायातल्या महिलांवरची परिषद त्यांच्याच गळ्यात पडली. स्वागताचं भाषण त्यांनी तीन मिनिटांचं बांधलं. बाहेर पडायचे दरवाजे, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, जेवणाची जागा. मग दिवसाचा कार्यक्रम. शेवटी तिन्ही प्रायोजकांचे, प्रत्येकी एका वाक्यात, आभार. परिषदेच्या सकाळीच पहिल्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलची वायरिंग जळाली. म्हणून आणखी एक वाक्य वाढलं: साडेअकराचं महिलांचं सत्र मागच्या जुन्या ग्रंथालयात होईल. छापील पत्रिकेत जुनीच जागा होती. त्यामुळे त्या दिवशी सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच होतं.

त्या सत्रात बोलायला शेवगावकडच्या गोजरबाई आल्या होत्या. गावात पाणी नाही, निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. तरी मागे राहिलेल्या बायकांना धरून त्यांनी दूध संकलन उभं केलं होतं. पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. कधी माईकवर बोलल्या नव्हत्या.

मॅडम माईकपाशी गेल्या. "आधी मोबाईल सायलेंटवर टाकूया," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाकले. दरवाजे सांगितले, पाणी सांगितलं. सभागृह शांत होतं. एवढ्यात प्राचार्य आप्पासाहेब व्यासपीठावरून खाली वाकून म्हणाले, "मॅडम, उद्घाटनाचे पाहुणे नाक्यावर आहेत. जरा लांबवा."

"सर, मला एवढंच सांगायचंय."

"प्रायोजकांचं सविस्तर घ्या ना. पशुखाद्यवाले समोरच बसलेत."

मॅडमनी पशुखाद्य कंपनीचं सविस्तर घेतलं. पतसंस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा पडला, म्हणून त्यांचंही घेतलं. मंडपवाल्यांनी चिठ्ठी पाठवली, त्यात मालकांच्या बंधूंचंही नाव होतं. समोर कुजबुज सुरू झाली, कुणी पत्रिकेनं वारा घेऊ लागलं. बोलता बोलता मॅडमना कळत होतं, हातातली माणसं निसटत चालली आहेत.

"एक महत्त्वाचा बदल," त्या आवाज चढवून म्हणाल्या. "साडेअकराचं सत्र..."

दार उघडलं. पाहुणे आत आले. सारं सभागृह उभं राहिलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि मॅडमनी उरलेलं वाक्य त्या टाळ्यांतच म्हटलं. पहिल्या रांगेलासुद्धा ते ऐकू गेलं नसेल. टाळ्या थांबेपर्यंत सूत्रसंचालकांनी माईक घेतला होता. मॅडमनी त्यांच्याकडे जागा बदलल्याची चिठ्ठी सरकवली. त्यांनी मान डोलावली, ती खिशात घातली आणि पाहुण्यांचा परिचय सुरू केला. उद्घाटन संपता संपता माणसं चहाकडे पांगली. मॅडमनी परिषदेच्या ग्रुपवर निरोप टाकला. पण मोबाईल सायलेंटवर टाकायला त्यांनीच सांगितलं होतं.

सेमिनार हॉलच्या दारावर सूचना चिकटवलेली होती. तिच्यापुढे कुणीतरी पशुखाद्याचा उभा फलक आणून ठेवला होता. कुलूप बघून लोक मुख्य सभागृहात परतले. तिथे कंपनीचं प्रात्यक्षिक चालू होतं, भेटीदाखल स्टीलच्या बादल्या वाटल्या जात होत्या. मॅडम दोन रांगांमध्ये वाकून वाकून सांगत राहिल्या. "हो मॅडम, आलोच," लोक म्हणाले. उठलं कुणी नाही.

ग्रंथालयात गोजरबाईंसमोर चार जण होते. त्यातले दोघे कॉलेजचेच.

"आजून यायचेत का मानसं?" गोजरबाईंनी विचारलं.

"थोडं थांबूया, मावशी."

"थांबले असते. पन दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळचं दूध कोन घेईल?" त्यांनी पदर सारखा केला. "जे हायेत त्यांनाच सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी दूध नासलं तेव्हा बायका कशा रडल्या, नवरे तोडीवरून परत आले तेव्हा काय म्हणाले. बोलताना त्या दाराकडे बघत होत्या. दार उघडलं की थांबत होत्या. एकदा चहाचे कप गोळा करणारा आला, एकदा कुणी स्वच्छतागृह विचारायला.

मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. माफी मागावी असं फार वाटत होतं. पण गोजरबाई काही तक्रारच करत नव्हत्या, त्यामुळे ती कुठे मागावी तेही कळेना.

फाटकापाशी निरोप देताना त्या कशाबशा म्हणाल्या, "मावशी, लोकांना जागाच कळली नाही. मी सांगायला हवं होतं."

"सांगत तर हुतात तुमी," गोजरबाई म्हणाल्या. "मी बघितलं की." आणि रिक्षात बसल्या.

संध्याकाळी आप्पासाहेब खूश होते. पाहुणे समाधानानं गेले होते, प्रायोजकांनी पुढच्या वर्षीचाही शब्द दिला होता. "स्वागत उत्तम झालं, मॅडम," ते म्हणाले, "पुढच्या वेळीही तुम्हीच."

मॅडम "हो सर" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? मग वर जाऊन त्यांनी सेमिनार हॉलच्या दारासमोरचा फलक ओढून बाजूला केला. तोवर इमारतीत कुणी उरलं नव्हतं.