भाईदासआबांची जाळी

धनश्रीची स्मरणशक्ती बघून आम्हा वर्गमैत्रिणींच्या पोटात दुखायचं. वकिलीचे सगळे पेपर तिने घोकून काढले होते. लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या खोलीत ती कलमं म्हणायची आणि तिचे वडील, भाईदासआबा, कापडाच्या कारखान्यात लूमवर दोन बोटं गेलेला हात उशीखाली दडवून ऐकत पडायचे. फक्त शेवटचा कामगार कायद्याचा पेपर एकदा राहिला होता. यंदाही राहिला तर शिक्षण बंद, लग्न उरकायचं, असं घरात ठरलं होतं.

कॉलेजने यंदा तो पेपर उघड्या पुस्तकाचा केला. धनश्रीबाई खूश! "पुस्तक समोर असल्यावर भीती कसली?" घोकलेलं इथे काय कामाचं, म्हणून मी कपाळाला हात लावला.

दारातच तिचं गाइड आणि नोट्स काढून घेतल्या. पर्यवेक्षक मॅडम म्हणाल्या, "फक्त कायद्याचं मूळ पुस्तक. त्यात हाताने लिहिलेला शब्दही चालणार नाही." नेहमी तीन तास असतात, इथे दोनच. 'व्याख्या लिहा' कुठेच नाही. पहिलाच प्रश्न: मुकादमाच्या सांगण्यावरून मजुराने यंत्राची जाळी काढली, बोटं गेली, मालक भरपाई देत नाही. मजुराची बाजू मांडा.

धनश्री पानं उलटत सुटली. तयार उत्तर शोधत होती वेडी! अर्धा तास गेला तरी कागद कोरा. शेजारच्या बाकावर मला माझं लिहिणं सुचेना. एवढी हुशार मुलगी पुस्तक हातात असून बुडणार, याचा मला संताप आला होता.

मग ती एका पानावर थांबली. मजुराने सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली असेल, तर मालकाची जबाबदारी टळू शकते. हे कलम तिला तोंडपाठ होतं. पण मुकादमाने काढायला लावली, तर ते 'मुद्दाम' कसं? आजवर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. तिने स्वतःच्या दोन बोटांकडे पाहिलं, आबांची गेली होती त्या. डोळे पुसत ती लिहीत सुटली. घंटा झाली तेव्हा शेवटचा प्रश्न अर्धाच झाला होता.

निकालाला महिना लागला. तो महिना ती धड जेवली नाही. जेमतेम पास झाली, तेव्हा मी पेढे घेऊन गेले. धनश्रीने आबांसमोर पुस्तक उघडलं.

"आबा, जाळी काढायला कोण म्हणालं होतं?"

"मुकादम. पण हात तर मनाच व्हता ना. चूक मनीच."

"नाही आबा. चूक तुमनी नव्हती."

आबांनी पुस्तक जवळ ओढलं. "पुस्तकमा असं लिखेल शे का?"

"तुमचं नाव घालून नाही लिहिलेलं. आपल्याला मांडावं लागतं."

आबांनी उशीखालून हात काढला आणि त्याच हाताने पेढा उचलला.

"मंग इतला वरीस मी कोनले लाजत व्हतू?" ते म्हणाले.