पंख्याखालची जागा आणि सकाळचा घसा

निघोजे गावात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी कोकणातली, ती लातूरकडची. दोघीही चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होतो. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे.

पहिल्या शिफ्टला मशिन चालू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून सुरक्षेची प्रतिज्ञा म्हणवून घेतात. आवाज बरा म्हणून ते काम सुपरवायझरांनी माझ्याकडे दिलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. पण दिवाळीनंतर थंडी पडली आणि रोज सकाळी माझा घसा लाकडासारखा कोरडा व्हायला लागला. उठल्या उठल्या गिळताना टोचायचं, जीभ टाळूला चिकटलेली असायची. प्रतिज्ञा म्हणताना आवाज फाटायचा आणि मागच्या रांगेतल्या मुली हसायच्या.

मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, “थंडीचं व्हतं आसं, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर.” त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच. आमच्या गावी एका काकांना घशाचाच मोठा आजार झाला होता. मी ते कुणाला सांगितलं नाही, पण मनात तेच घोळत होतं.

ताईच्या एक दिवस लक्षात आलं. आमच्या लाइनवर एखादा पार्ट खराब निघाला की ‘का’ विचारत मुळापर्यंत जायची पद्धत होती. ती तिच्या अंगातच भिनली होती. भाजी करपली तरी ती कारण शोधायची. तिनं मला एकच प्रश्न विचारला.

“दुपारी दुखतोय का घसा?”

मी विचार करून नाही म्हणाले. चहा-नाष्टा झाला, थोडं पाणी पोटात गेलं की मला त्याची आठवणही राहत नसे. ताप नव्हता, खोकला नव्हता.

“मग दिवसभर बरा असलेला घसा झोपेतच बिघडतोय. झोपेतच बघावं लागंल,” ती म्हणाली.

पहाटे नळाला पाणी यायचं आणि ते भरायला तीच आधी उठायची. दुसऱ्या दिवशी बादली भरता भरता तिनं मला निरखलं. चहा देताना म्हणाली, “पंख्याच्या बरोबर खाली, तोंड उघडं टाकून झोपलालीस तू.”

थंडीत पंखा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आमच्याकडे डास एवढे की पंख्याशिवाय झोप लागायची नाही. थंडीतली इकडची हवा आधीच कोरडी. माझ्या गावच्या दमट हवेत असं कधी झालं नव्हतं. त्या कोरड्या हवेचा झोत रात्रभर उघड्या तोंडात.

त्या संध्याकाळी तिनं माझी गादी भिंतीकडे सरकवली आणि स्वतःची पंख्याखाली घातली. तुझा घसा बिघडेल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, बिघडला तर कळंल तरी. तीन-चार दिवसांत माझा घसा निम्मा सुधारला. तिला मात्र त्याच जागी झोपून काहीच झालं नाही. मला वाटलं, झालं, कारण सापडलं. ताईला ते पटेना.

“मी नाकानं श्वास घेते. तू तोंडानं का घेतीस?”

 हेच विचारायला सुट्टीच्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि सगळा क्रम तिनंच सांगितला, जागा बदलल्याचासुद्धा. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा बघितला, मग नाकात बघितलं. घशात आजार नाही, म्हणाले. नाक धुळीच्या ॲलर्जीनं आतून सुजलंय. नाकातून जाताना हवा ओली आणि कोमट होते, तोंडानं ओढली की ती कोरडीच घशावर आदळते. त्यांनी नाकात मारायचा स्प्रे दिला, मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि आणलेल्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. काकांचा विषय मी तेव्हा कुठे बाहेर काढला. डॉक्टरांनी तोही नीट ऐकून घेतला आणि तसलं काही नाही, असं सांगितलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. ताई शेजारी बसून राहिली.

मग आम्ही मच्छरदाणी आणली आणि पंखा बंद केला. खोलीत दोरीवर ओले कपडे वाळत घालायचो, तेवढाच हवेला ओलावा. अंथरूण रोज बाहेर झटकायचो. स्प्रेचा गुण यायला वेळ लागला, पण आला. एका सकाळी प्रतिज्ञा म्हणून संपली तेव्हा लक्षात आलं की आज आपण घशाचा विचारच केला नाही. मागच्या रांगेत ताई उभी होती, तिच्या चेहऱ्यावर मात्र काम पुढं चालू करा एवढंच.

ती आता लग्न होऊन तळवड्याला राहते, दुसऱ्या कंपनीत आहे. मध्यंतरी मी ट्रेनिंगला गेले होते. लॉजवरच्या खोलीत एसीचा झोत थेट पलंगावर येत होता आणि पहिल्याच सकाळी घसा खरखरला. मी एसीची पाती वर वळवली, थंडी कमी केली, उशाशी पाण्याची बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी बरं होतं. फोनवर तिला सांगितलं तर तिनं शाबासकी वगैरे काही दिली नाही. तिनं विचारलं, “आणि नाक?”