याच केंद्रात

वत्सलाबाई तारापूरकडच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. शिक्षण मराठी सातवीपर्यंत, पुढे दाईचा कोर्स. अडुसष्ट साली डॉक्टरांनी त्यांच्या हाती लसींचं इंग्रजी पत्रक दिलं. "बाई, बाळंतिणींना समजेल असं मराठी करा."

डिक्शनरी घेऊन त्या आठवडाभर बसल्या. 'पुढची सुई चार आठवड्यांनी' पाशी अडल्या. जवळच्या नवापूरच्या कोळणी आठवडे कुठे मोजतात? भरती-ओहोटी तिथीवर, होड्या तिथीवर. म्हणून लिहिलं : 'बाळाला तीन महिने पुरे झाल्यावर घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लसीची पहिली सुई. ज्या तिथीला पहिली, पुढच्या महिन्यात त्याच तिथीला दुसरी, त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरी.'

डॉक्टर हसले. "पंचांग काढलंत की काय?"

"मोजून बघा, एकोणतीस-तीस दिवस होतात. चार आठवड्यांच्या आत नाही."

त्यांनी मोजलं आणि सही केली. शेवटची ओळ मात्र बाईंनी इंग्रजीबरहुकूम ठेवली : 'ठरल्या दिवशी याच केंद्रात यावे.'

नवापूरच्या जमनाची लेक चिमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या मुलीला पहिली सुई इथेच दिली. मग चिमी वैतरण्याला सासरी गेली. अडीच महिन्यांनी माहेरच्या लग्नाला आली, तेव्हा बाईंनी विचारलं, "दुसरी सुई कुठे घेतलीस?"

"नाय घेतली. तिथली नर्सबाई दारात आलेली. पन आमच्या ह्यांनी कागद वाचून दाखवला. याच केंद्रात, असं लिवलंय. सासू बोलली, दुसरीकडं टोचलं नि बाधलं तर?"

"मग इकडे यायचंस."

"तान्ही घेऊन? होडी काय माज्या बापाची उभी हाय?" चिमी हसली, मग मुलीला छातीशी धरून हळू म्हणाली, "शेजारच्या पाड्यात डांग्या खोकला हाय, बाई. आता परत पहिल्यापासून का?"

बाईंनी मनात देवाचं नाव घेतलं. चूक चिमीची नव्हती. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते आणि मूल घेऊन सासरी जाते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"पहिल्यापासून नाही. आजची दुसरी," म्हणत त्यांनी उकळलेली सुई काढली. मुलगी किंचाळली. चिमीही रडली.

दुपारी त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "शेवटची ओळ बदलते."

"छापलंय ते. मुळात तसंच आहे."

"मुळात चिमी नाही, साहेब."

डॉक्टरांनी पेन पुढे केलं. बाईंनी लिहिलं : 'मूल ज्या गावी असेल तिथल्या केंद्रात हा कागद दाखवा. राहिलेली सुई तिथेच घ्या. उशीर झाला तरी या; पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागत नाही. कोणी रागावणार नाही.'

"रागावणार नाही, हे कुठल्या इंग्रजीत आहे?"

"ते माझं."

नव्या ओळींचा पहिला कागद चिमीबरोबर गेला. महिन्याने वैतरण्याहून नर्सबाईंचं पोस्टकार्ड आलं : तिसरी दिली, सासू स्वतः घेऊन आली होती.