आशीर्वादाआधीची शांतता

धाकटा भाऊ नोकरीला जर्मनीत गेला, तेव्हा दिवाळीसाठी आम्ही काष्टीहून त्याला कॅसेट पाठवायचं ठरवलं. कोणी काय बोलायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं मी कागदावर उतरवलं. शेवटी आईचा आशीर्वाद.

सगळे नीट बोलले. आई मात्र टेपरेकॉर्डरला म्हणाली, "आधी पाया पड," आणि गप्प बसली. टेप फुकट फिरत होती. मी चिडून खुणा केल्या. तिने हातानेच मला थांबवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "औक्षवंत हो."

महिन्याभराने भावाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "टेबलावरच्या टेपरेकॉर्डरपुढे जमिनीवर डोकं टेकलं. उठलो, आणि तेव्हाच आई बोलली."