सुहासिनीकाकूचा परिचय

"'स्वयंशिक्षित'? मग नफीसाआपानं माझी बोटं काय उगंच सुईनं टोचली व्हय गं?" सुहासिनीकाकू फणकारली.

चौकातल्या तिच्या लखनवी चिकन-भरतकामाच्या कारखान्यात पुतणी सृष्टी, प्रदर्शनासाठी एजन्सीनं लिहिलेला काकूचा परिचय दुरुस्त करत होती. 'हजारो स्त्रियांची तारणहार' खोडत तिनं विचारलं, "काकू, असल में कितनी?"

"अकरा. हजेरी बघ की."

सृष्टीनं अकरा लिहिलं. 'स्वयंशिक्षित' काढून 'नफीसाआपांकडून टाके शिकल्या' असं घातलं आणि खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या आपाला विचारलं, "आपका नाम दे दें?"

आपाचे डोळे भरले. "दे दो. लिखना, मुर्री अब भी टेढ़ी बनाती है."

"लिव्ह, खरं हाय," म्हणत काकूनं कुर्ता ओढला आणि मुर्रीचा वाकडा टाका उसवायला घेतला.