देवापुढे ठेवलेला स्क्रीनशॉट

दिवसाची पहिली कमाई, म्हणजे बोहनी, कपाळाला लावून देवापुढे ठेवायची, हा आमच्या सासूबाईंचा नेम आहे. जानेफळच्या बाजारात त्या मिरच्या विकायला बसत, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाची नोट आधी डोळ्यांना लागायची आणि मग कमरेच्या पिशवीत जायची. मी इन्स्टाग्रामवर आमच्या कुरडया, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या आणि मुगवड्या विकायला लागले तेव्हा नोट गेली, पण नेम काही गेला नाही. पैसे आले असं मी सांगितलं की सासूबाई माझा मोबाइल माझ्या हातातून घेत, कपाळाला लावत आणि देवापुढे ठेवत. वर चिमूटभर हळदकुंकू. तेवढा वेळ मला फोनला हात लावायची सोय नसे, आणि नंतर दिवसभर लोकांचे मेसेज मी पिवळ्या काचेतून वाचायचे.

धंद्याची वाटणी सरळ होती. गव्हाचा चीक शिजवणं, साचा दाबणं, वाळवणाची राखण करणं त्यांच्याकडे. फोटो काढणं आणि लोकांशी गोड बोलणं माझ्याकडे. दुसरं काम जास्त अवघड आहे, हे त्यांना कधी पटलं नाही. खातं त्यांचं होतं, त्याला नंबर माझा जोडलेला होता, आणि पिन फक्त त्यांच्या डोक्यात. शिल्लक बघायची असली की त्या फोन पदराआड नेऊन पिन टाकायच्या, जशी काही मी लुटारूंच्या टोळीतली आहे.

पहिला फटका बसला तो या बोहनीमुळेच. सकाळी एका बाईचा मेसेज आला, दोन किलो कुरडया आणि किलोभर मुगवड्या हव्यात, भाऊ मेहकरहून येतोय, त्याच्याकडे द्या. पाठोपाठ बरोबरच्या हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट आला, पैसे भरल्याचा. मी चूल सांभाळत होते. सासूबाईंनी हिरवी खूण पाहिली, फोन कपाळाला लावला आणि देवापुढे ठेवला. आता देवापुढे ठेवलेला फोन उचलून खातं तपासायचं कोणी? तेवढ्यात मोटारसायकलवर एक जण दारात आला. बोहनीचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवायचं नसतं, म्हणून सासूबाईंनी त्याला पार्सल दिलं, पाणी दिलं आणि वर मूठभर बिबड्या बांधून दिल्या.

फोन माझ्या हाती आला तोवर तो गेला होता. खात्यात दमडी आली नव्हती. मग तो फोटो मी नीट पाहिला. पैसे कोणाला मिळाले त्या जागी आमच्या पेजचं नाव होतं. खरे पैसे आले असते तर तिथे बँकेत नोंदलेलं सासूबाईंचं नाव दिसलं असतं, सासऱ्यांच्या नावासकट. रकमेचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होते. आणि फोटोतली वेळ तर अशी होती की तेव्हा त्या बाईने अजून भावही विचारला नव्हता. म्हणजे भामट्याने मेहनतसुद्धा धड घेतली नव्हती, आणि आम्ही त्याची पूजा केली होती. मला इतका राग आला की मी त्या बाईला चार ओळी लिहिल्या. त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. तिने त्या वाचल्या की नाही कोण जाणे, तिचं खातंच दिसेनासं झालं.

सासूबाईंना मात्र कुरडयांचं दुःख नव्हतं, बिबड्या वर बांधून दिल्याचं होतं. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. यापुढे एकदा जरी असं झालं तर मोबाइलवरचा धंदा बंद. माल पुन्हा व्यापाऱ्याला द्यायचा, तो देईल त्या भावाने. लग्नानंतर मी स्वतः उभं केलेलं हे एकच काम होतं, आणि व्यापाऱ्याकडे माल गेला की त्यात माझं करण्यासारखं काहीच उरणार नव्हतं. मी त्यांना शब्द दिला, कोणी कितीही सुंदर फोटो पाठवला तरी तो बघायचाच नाही; आपल्या खात्यात पैसे दिसले तरच पार्सल आणि तरच पूजा.

पुढचा महाभाग स्वतःला साहेब म्हणवणारा होता. वसतिगृहासाठी कुरडया पाहिजेत, म्हणाला, भाव करायचा नाही, अर्धे पैसे आगाऊ देतो. भाव न करणारं गिऱ्हाईक आमच्या भागात दिसलं की आधी चपला उचलून आत ठेवाव्यात. त्याने पैसे पाठवायच्या ऐवजी एक चौकोनी कोड पाठवला. हा स्कॅन करा, पिन टाका, आगाऊ रक्कम तुमच्या खात्यात येईल. मी कळवलं की पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. साहेबांना ते नवीनच होतं म्हणे. मग मी भोळेपणाने विचारलं, की साहेब, तुमच्या घरी भाजीवाला पैसे घेताना तुम्हाला स्वतःचं पाकीट उघडून देतो का?

दुसऱ्या दिवशी त्याने चाल बदलली. थोडाच माल द्या, पाचशे चाळीसचा, असं लिहिलं, आणि लगेच माझ्या फोनवर साधा मेसेज आला की खात्यात पाच हजार चारशे जमा झाले. पाठोपाठ त्याचा फोन. ताई, एक शून्य जास्त पडलं, वरचे चार हजार आठशे साठ लगेच परत करा, बायको दवाखान्यात आहे. तो रडत होता, आणि खोटं सांगत नाही, चांगला रडत होता. फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी हातातला साचा खाली ठेवला.

"देऊन टाक व बाई," त्या म्हणाल्या. "लोकायचा पैसा आपल्याले काहाले पायजे. त्याची बायको आजारी हाये."

माझी खरी पंचाईत इथे झाली. चोराला तोंड देणं सोपं होतं. सासूबाईंच्या चांगुलपणाला कसं देणार? मी त्यांना मेसेज दाखवला. बँकेचा मेसेज येतो तेव्हा वर बँकेच्या नावाची अक्षरं असतात. हा आला होता कोण्या माणसाच्या दहा आकडी नंबरावरून. आणि मेसेज काय, कोणीही काहीही लिहून पाठवतो. तुम्ही आधी शिल्लक बघा, म्हटलं. त्या फोन पदराआड घेऊन गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. शिल्लक कालच्याइतकीच होती.

मला वाटलं आता शिव्यांची लाखोली. पण सासूबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि इतक्या मायेने बोलल्या की मीच चाट पडले. कोणत्या दवाखान्यात ठेवलं, बाळंतपण आहे की काय, बुलढाण्याला आहे का, माझी बहीण तिथेच आहे, ती डबा घेऊन येईल, खिचडी चालते की वरणभात? तो म्हणे डबा नको, पैसे पाठवा. सासूबाई म्हणत, डबा नको कसा, बाईमाणूस उपाशी राहील. मग पैसे रोख देते, घरी ये, जेवून जा, असं आमंत्रणही झालं. दुःखी नवऱ्याने फोन आपटला. सासूबाई हसल्या नाहीत. "लय अभ्यास करून राह्यला बिचारा," एवढंच म्हणाल्या. मी मात्र चुलीपुढे बसून पोट धरधरून हसले.

धंदा वाचला असं मी समजले, आणि तिथेच फसले. नाशिकच्या एका बाईंनी बिबड्या मागवल्या. त्या दिवशी नेटवर्क रडत होतं. त्यांचे पैसे अडकल्यासारखे दिसले, त्यांनी पुन्हा भरले, आणि थोड्या वेळाने खात्यात तीच रक्कम दोनदा उतरली. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा पहिला शब्द, "हाबी तोच असन." त्या थेट बँकेत जाऊन पासबुकात नोंद मारून आल्या. पैसे खरोखर दोनदा आले होते. आता त्यांना चैन पडेना. दुसऱ्याचा पैसा घरात आहे म्हणून त्या दिवशी त्यांनी बोहनीची पूजासुद्धा केली नाही.

मी मोठ्या सज्जनपणाने त्या बाईंना लिहिलं, ताई, तुमचे पैसे जास्तीचे आले आहेत, परत करायचे आहेत, तुमचा नंबर कळवा. उत्तर आलं ते मला जन्मभर आठवेल. गरिबाच्या नावावर असले धंदे करता, लाज नाही वाटत? ऑर्डर नको, माझे पैसे तुम्हालाच लखलाभ. आणि त्यांनी मला ब्लॉक केलं.

मी तो मेसेज वाचून दाखवला आणि दाखवला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. उभ्या आयुष्यात सासूबाईंना कोणी चोर म्हटलं नव्हतं. त्या भिंतीला टेकून बसल्या. माझ्या मनात आलं, बिबड्यांचं काही नाही, कुरडया गेल्या त्याचंही नाही. त्या भामट्याने आमचं बोलणं चोरून नेलं होतं. आता आम्ही खरं बोललो तरी ते त्याचंच वाटणार होतं.

मग सासूबाई उठल्या. "तिले काहाले इचारतं?" त्या म्हणाल्या. "पैसा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं धाड."

बरोबरच होतं. कोणाचा नंबर मागायची, कोणाचा कोड घ्यायची गरजच नव्हती. खात्यात आलेल्या नाशिकच्या बाईंच्या रकमेवर बोट ठेवलं, त्यांचं नाव वाचून खात्री केली, आणि तिथूनच जास्तीची रक्कम परत लावली. या वेळी पिन टाकताना सासूबाईंनी फोन पदराआड नेला नाही. बिबड्यांचं पार्सलही त्यांनी त्याच दिवशी पोस्टात टाकायला लावलं. ऑर्डर रद्द झाली आहे हे मी दोनदा सांगून पाहिलं, पण भरलेल्या पैशाचा माल ठेवून घ्यायचा विचार त्यांच्या डोक्यात शिरेना.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. त्याच बाई होत्या. खात्यात पैसे परत आल्याचं पाहून त्यांनी आमच्या पेजवरचा नंबर शोधला होता. आवाज पार उतरलेला. मागच्या महिन्यात त्यांना कोणीतरी असंच जास्तीच्या पैशांचं सांगून फसवलं होतं, म्हणून त्या घाबरल्या होत्या. माफ करा, म्हणाल्या, मी तुम्हाला चोर समजले.

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"मीबी तुमाले तेच समजली होती," त्या म्हणाल्या. "पासबुक पाहून आली तवा इस्वास बसला."

पलीकडे त्या बाई हसायला लागल्या. सासूबाईही हसल्या. मग दोघी भामट्यांना शिव्या द्यायला बसल्या, आणि त्या कामात नाशिक आणि जानेफळ यांची भाषा एकच निघाली. मी चहा ठेवला, तो उकळून आटला, तरी यांचं चाललेलंच. फोन खाली ठेवल्यावर सासूबाईंनी गव्हाची पाटी पुढे ओढली, आणि सकाळी कुरडयांचे गहू भिजत घालायचे आहेत, बसली काय आहेस, निवडायला घे, असं माझ्यावर खेकसल्या. मी मुकाट्याने निवडायला बसले.